लातूरमधील पहिल्या मजल्यावरच्या शिलाई कारखान्याचे आग-जोखीम मूल्यांकन : जिना, मीटरबोर्ड आणि मुक्कामी कारागीर

सुईदोरा (लातूर)

नमस्कार. गंजगोलाईपासून जवळच आमचा शाळेचे गणवेश शिवण्याचा लहान कारखाना आहे आणि त्याचे रोजचे कामकाज मी पाहते. जागा भाड्याची असून तळमजल्यावर घरमालकांचे कापडाचे दुकान आहे, पहिल्या मजल्यावर साधारण चाळीस फूट लांब व बावीस फूट रुंद असा आमचा एकच हॉल आहे आणि त्यावर गच्ची आहे. बारा साध्या शिलाई मशीन, दोन ओव्हरलॉक, काजाचे एक, बटणाचे एक, एक लांब कटिंग टेबल आणि दोन इस्त्र्या एवढा पसारा आहे. दिवसा एकोणीस माणसे काम करतात व त्यांपैकी तेरा महिला आहेत.

माल घेणाऱ्या संस्थेने या वर्षी आगीच्या जोखमीचे लेखी मूल्यांकन मागितले आहे. मी स्वतः एक तक्ता तयार केला. प्रत्येक धोक्याला आग लागण्याच्या शक्यतेसाठी एक ते पाच आणि नुकसानीच्या तीव्रतेसाठी एक ते पाच असे गुण देऊन त्यांचा गुणाकार केला. इस्त्रीला बारा, वायरिंगला बारा, कतरणीच्या ढिगाला नऊ आणि जिन्याला चार असे गुण आले. जिन्यात कोणतेही मशीन नाही व कोणी काम करत नाही, म्हणून मी त्याला शेवटी ठेवले. हा क्रम योग्य आहे का, आणि खर्चाला सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

पावतीपुस्तक (नांदेड)

ताई, मी काही लहान उद्योगांचे हिशेब पाहतो, त्या अनुभवावरून लिहितो. वीसपेक्षा कमी कामगार असल्यामुळे आपल्याला फारसा कायदा लागू होत नाही. आग विझवण्याची, सहा किलोची एबीसी पावडरची चार सिलिंडर घ्यावीत, परवानाधारक एजन्सीकडून प्रमाणपत्र घ्यावे आणि ते माल घेणाऱ्या संस्थेला द्यावे. विमा कंपनीसुद्धा साधारणपणे हेच कागद पाहते. गुणांचा तक्ता करण्यात वेळ घालवण्याची आवश्यकता मला दिसत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

मी अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो आहे. प्रमाणपत्राविषयी प्रथम एवढेच सांगतो की, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याखालील जबाबदारी कामगारांच्या संख्येवर ठरत नाही; ती जागेचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर इमारतीच्या वापरानुसार येते. त्या कायद्याखाली बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावे लागते. आपल्या इमारतीला नेमके काय लागू होते, हे महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागात जागेचा नकाशा दाखवून लेखी विचारावे. मात्र सिलिंडर भरलेले आहे असे सांगणारा कागद आणि माणूस बाहेर पडू शकेल का याचे उत्तर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल्यांकन म्हणजे दुसरी गोष्ट.

सुईदोराताई, आपल्या तक्त्याविषयी मत देण्यापूर्वी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. जिन्याखाली काय ठेवलेले आहे? आणि रात्री दोन वाजता इमारतीत कोण असते?

सुईदोरा (लातूर)

जिना एकच आहे व तो इमारतीच्या आतून, दुकानाशेजारच्या बोळातून वर येतो. रुंदी तीन फूट आहे. तोच पुढे गच्चीवर जातो. जिन्याखाली दुकानाचा आणि आमचा असे दोन्ही मीटर आहेत, शेजारी इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या आहेत, आणि घरमालकांचे चिरंजीव त्यांची विजेवर चालणारी स्कूटर रात्री तेथेच चार्जिंगला लावतात. हंगामात वर जागा पुरत नाही, त्यामुळे कापडाचे काही गठ्ठे आम्हीही तेथे ठेवतो.

मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत कामाचा रेटा असतो. बाहेरगावचे पाच तरुण कारागीर त्या काळात हॉलमध्येच झोपतात. गेल्या वर्षी शेजारच्या दुकानात चोरी झाल्यापासून जिन्याच्या वरच्या टोकाला लोखंडी जाळीचे दार बसवले आहे आणि रात्री त्याला आतून कुलूप असते. किल्ली त्या कारागिरांपैकी एकाच्या उशाशी असते. गच्चीच्या दाराला बाहेरून कडी आहे. मागच्या बोळाकडे एक मोठी खिडकी आहे, परंतु एप्रिल-मे महिन्यांत तिच्यात कूलर बसवावा लागतो, कारण वरचा स्लॅब तापल्यावर हॉलमध्ये बसवत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

आपल्या मूल्यांकनाचा गाभा या दोन परिच्छेदांत आला आहे. आपण हॉलमध्ये उभे राहून आग कोठे लागेल याचा विचार केला. मी माणूस झोपतो तेथून सुरुवात करतो आणि रस्त्यापर्यंत चालत येतो. या वाटेवर जे जे लागते त्यातील काय पेटू शकते आणि काय अडवू शकते, एवढेच मी पाहतो. आपल्या इमारतीत या वाटेच्या तळाशीच वीज आत येते, बॅटऱ्या आहेत, चार्जिंग चालू आहे आणि त्याला लागून कापड आहे. आग सुरू होण्याची सर्वांत संभाव्य जागा आणि बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या आहेत.

जिना धुरासाठी धुराड्याचे काम करतो. खाली गठ्ठे पेटले की गरम धूर जिन्यातून सरळ वर येतो, आणि लोखंडी जाळीचे दार त्याला क्षणभरही अडवत नाही. गणवेशाच्या कापडात पॉलिएस्टरचे मिश्रण असते. ते वितळते, ठिबकते आणि दाट काळा धूर सोडते. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईल या भरवशावर राहू नये; धुरातील विषारी वायूमुळे अनेकदा जाग येण्याआधीच शुद्ध हरपते. जाग आलीच तर अंधारात, छताकडून खाली उतरत येणाऱ्या धुरात, कुलपाची किल्ली शोधायची आहे.

आपल्या मराठवाड्यातीलच दोन घटना येथे आठवाव्यात. ३१ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार दगावले. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण गुदमरून गेले. आगीचे कारण काहीही असो, दुसऱ्या घटनेतील खाली कापड आणि वर झोपलेली माणसे ही रचना आपल्या इमारतीशी मिळतीजुळती आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, तक्ते दोन करावेत, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. दिवसा जिन्याखाली आग लागली तर कोणीतरी पाहील, ओरडेल आणि माणसे जागी असतील; शक्यता तीन आणि तीव्रता चार धरली तर बारा होतात. रात्री तीच आग कोणाच्याही नजरेस न पडता वाढेल, दाराला कुलूप असेल आणि दुसरी वाट नसेल. चार्जिंगही रात्रीच चालते, म्हणून शक्यता चार आणि तीव्रता पाच, म्हणजे वीस. आपल्या यादीत शेवटी असलेला जिना अशा रीतीने पहिल्या क्रमांकावर येतो. आकड्यांना फार महत्त्व देऊ नये, तथापि मशीन बंद असतानाच या जागेची जोखीम सर्वांत जास्त आहे, ही गोष्ट दोन तक्ते केल्याशिवाय दिसत नाही.

मागावरची (पैठण)

चर्चा वाचून माझी शंका विचारते. आमच्या घरात पैठणीचे दोन हातमाग आहेत. वीज फक्त दिव्याला आणि पंख्याला लागते, आणि रेशीम सहजासहजी पेट घेत नाही असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आम्हालाही असे मूल्यांकन करावे लागेल का? माल घेणाऱ्यांनी आमच्याकडे अजून काही मागितलेले नाही.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, रेशीम सुतापेक्षा उशिरा पेटते आणि ज्योत दूर केल्यावर बहुधा विझते, हे खरे आहे. परंतु मागाची लाकडी चौकट, सुताच्या लडी, बांधणीचे पुठ्ठे आणि घरातील गॅस हेही त्याच खोलीत किंवा शेजारी असणार. कोणी कागद मागितला नाही तरी एक प्रश्न स्वतःला विचारावा: माग असलेल्या खोलीतून गेल्याशिवाय आतल्या खोलीत झोपलेल्यांना बाहेर पडता येते का? येत नसेल तर रात्री त्या खोलीत काहीही चालू ठेवू नये आणि आतल्या खोलीच्या खिडकीचे गज उघडता येतील असे करून घ्यावेत. रंगाईसाठी शेगडी वापरत असाल तर त्याचा वेगळा विचार करावा लागेल. तसे असल्यास स्वतंत्र धागा काढावा, मी लिहीन.

जालन्याचा वायरमन

इस्त्रीविषयी कोणी काही लिहिले नाही, म्हणून लिहितो. सुईदोराताई, दोन्ही इस्त्र्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहेत का? इस्त्रीच्या पाटीवर वॅट किती लिहिले आहेत? आणि त्या लाइनचा एमसीबी किती अँपिअरचा आहे, हे पाहून सांगावे.

सुईदोरा (लातूर)

आताच पाहिले. दोन्ही इस्त्र्या प्रत्येकी बाराशे वॅटच्या आहेत आणि एकाच बोर्डावर आहेत. त्या बोर्डाचा प्लग भिंतीवरील लहान, सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावलेला आहे. मागील तार दीड चौरस मिलिमीटरची असल्याचे मास्तर सांगतात. पूर्वी एमसीबी वारंवार पडत असे, त्यामुळे स्थानिक वायरमनने बत्तीस अँपिअरचा बसवून दिला. त्यानंतर तो एकदाही पडलेला नाही.

जालन्याचा वायरमन

तो पडत नाही, यातच धोका आहे. दोन इस्त्र्यांचे चोवीसशे वॅट आणि दाब दोनशे तीस व्होल्ट धरला तर प्रवाह सुमारे साडेदहा अँपिअर होतो. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून तो हंगामात दिवसभर वाहतो. एमसीबीचे काम तारेचे रक्षण करणे हे आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर बत्तीसचा एमसीबी असेल तर तार तापून तिचे आवरण मऊ पडेल तरी तो शांत राहील. पूर्वीचा एमसीबी पडत होता, तो भार जास्त असल्याचे सांगत होता. ती सूचना ऐकून भार वाटून द्यायला हवा होता.

इस्त्र्या तासभर चालू राहिल्यावर बटण बंद करून प्लग बाहेर काढावा आणि त्याच्या पिनांना उलटा हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल, सॉकेटचे तोंड पिवळसर-तपकिरी झाले असेल किंवा मासळीसारखा वास येत असेल, तर आतील जोड सैल होऊन जळू लागला आहे असे समजावे. प्रत्येक इस्त्रीला डीबी म्हणजे वीजवाटपाच्या बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, सोळा अँपिअरचे सॉकेट आणि सोळाचाच एमसीबी द्यावा. हे काम एका दिवसात होते. इस्त्रीच्या बटणावर लाल दिवा असावा आणि तो दारातून दिसावा, म्हणजे रात्री बंद करताना इस्त्री चालू राहिली आहे का ते जाणाऱ्याला कळेल.

जिन्याखालील मीटरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंपनीची तार खांबावरून मीटरपर्यंत आणि मीटरपासून आपल्या मेन स्विचपर्यंत येते. त्या तुकड्यात दोष निर्माण झाला तर आपण बसवलेला कोणताही एमसीबी तो तोडू शकत नाही, कारण दोष त्याच्या आधी आहे. वरच्या मजल्यावर कितीही चांगले वायरिंग केले तरी जिन्याखालचा हा तुकडा तसाच राहतो. मीटरची जागा बदलण्यासाठी महावितरणकडे अर्ज करता येतो, मात्र जागामालकांची संमती लागेल.

सरकीवाला (परभणी)

आमचा जिनिंगचा व्यवसाय आहे, त्यामुळे कापसाच्या आगीविषयी दोन शब्द लिहितो. कापूस आणि सुती कतरण वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते. गाठीच्या पोटात शिरलेली ठिणगी कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वारा लागल्यावर पेट घेते. पावडर मारली की ज्वाळा लगेच बसते आणि माणसे निर्धास्त होतात. परंतु पावडरीने आतील उष्णता कमी होत नाही. धुमसणाऱ्या कापसाला पाणीच लागते, आणि पाणी मारल्यावरही ढीग फोडून, पसरून, उघड्यावर नेऊन ठेवावा लागतो. म्हणून चार पावडर सिलिंडरांचा सल्ला मला अपुरा वाटतो. कतरणीचे पोते रोज संध्याकाळी खाली न्यावे. इस्त्रीच्या टेबलाखाली ते रात्रभर राहू देऊ नये.

दुसऱ्या वाटेसाठी खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. गच्चीची कडी आतून उघडेल अशी करावी. माणसे गच्चीवर जातील आणि शेजारच्या गच्चीवर उतरतील. बाजारपेठेत गच्च्या लागूनच असतात.

गोदाकाठ (नांदेड)

कापसाविषयी आपण लिहिलेला प्रत्येक शब्द योग्य आहे. गच्चीबाबत मात्र सावध राहावे लागेल. या इमारतीत गच्चीवर तोच जिना जातो. जाळीचे दार उघडून माणूस ज्या जागी पाऊल ठेवील, ती जागा धुराने सर्वांत आधी भरलेली असेल, आणि गच्चीचे दार बंद असेल तर धूर जिन्याच्या माथ्याशी साचून राहील. जिना वेगळा असता किंवा हॉलमधूनच गच्चीवर जाणारी शिडी असती, तर आपली सूचना मी मान्य केली असती. गच्चीची कडी आतून उघडणारी करावी हे बरोबर आहे, कारण दिवसा हॉलमध्ये लहान आग लागल्यास तिचा उपयोग होईल. रात्रीच्या तक्त्यात तिला दुसरी वाट म्हणून धरू नये.

या हॉलला दुसरी वाट एकाच ठिकाणी शक्य दिसते, आणि ती म्हणजे कूलर बसवलेली मागची खिडकी. म्हणूनच मूल्यांकन एप्रिलमध्ये करावे असे मला वाटते. जानेवारीत ती खिडकी मोकळी दिसली असती.

सिलिंडर कोठे टांगावे याचाही विचार करावा. ते जिन्याखाली मीटरजवळ टांगले तर आग तेथेच लागल्यावर वरच्या माणसाच्या हाती पडणार नाही. ते वर, हॉलच्या दाराजवळ असावे, म्हणजे माणूस बाहेरच्या दिशेने जाताना ते उचलेल आणि आग आवरली नाही तर त्याला तसेच निघता येईल. कापडासाठी पाण्याचे नऊ लिटरचे, आणि बोर्डासाठी कार्बन डायऑक्साइडचे एक ठेवावे. पावडरीचे एखादे असायला हरकत नाही. पाण्याच्या बादल्याही ठेवाव्यात, परंतु लातूरच्या उन्हाळ्यात भरलेली बादली हातपाय धुण्यासाठी वापरली जाते, आणि टंचाईत ते स्वाभाविकही आहे. २०१६ साली या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून बादल्यांवर लाल रंग द्यावा, झाकण घालावे आणि रोज सकाळी त्या पाहण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावे.

सुईदोरा (लातूर)

आपण सर्वांनी लिहिल्यावर आम्ही दिवसा, काम चालू असताना, बाहेर पडण्याची एक चाचणी घेतली. मास्तरांशिवाय कोणालाही आधी सांगितले नव्हते. शेवटची व्यक्ती रस्त्यावर येईपर्यंत दोन मिनिटे चाळीस सेकंद लागली. उशीर जिन्यात होईल असे मला वाटले होते, परंतु पहिला खोळंबा हॉलमध्येच झाला. दोन मशीनच्या रांगांमधील वाटेत तयार मालाचे गठ्ठे, स्टूल आणि कतरणीची पोती होती, आणि मागच्या रांगेतील महिलांना एकामागून एक अंग तिरके करून निघावे लागले. त्यानंतर जिन्याच्या वळणावर आमच्याच गठ्ठ्यांमुळे तीन फुटांची वाट सुमारे वीस इंच उरली होती. तेथे गुडघ्याचा त्रास असलेले मास्तर थांबले आणि त्यांच्या मागे सर्वजण थांबले.

वळणावरचे आमचे गठ्ठे त्याच दिवशी हलवले. रांगांमधील वाटेच्या दोन्ही कडांना पिवळे पट्टे मारून घेतले आहेत आणि त्यांच्या आत काहीही ठेवायचे नाही असे ठरवले आहे. परंतु घरमालक मीटर हलवण्यास तयार नाहीत. स्कूटर दुसरीकडे लावण्याविषयी त्यांचे चिरंजीव विचार करतो म्हणाले आहेत. मागच्या खिडकीला लोखंडी जिना लावण्यासाठी बोळ शेजाऱ्यांच्या सामाईक मालकीचा असल्याची अडचण त्यांनी सांगितली.

रात्रीच्या कुलपाविषयी मास्तरांचे म्हणणे असे की, हंगामात लाखोंचा माल आत असतो आणि कुलूप काढले तर चोरीची जबाबदारी कोणी घ्यायची?

पावतीपुस्तक (नांदेड)

मास्तरांचा प्रश्न मला रास्त वाटतो. चोरीच्या विम्यात जबरदस्तीने आत शिरल्याचा पुरावा मागितला जातो, त्यामुळे दार नीट बंद असणे गरजेचेच आहे. कुलूप काढा असे सरसकट सांगणे व्यवहार्य नाही. मागील प्रतिसादात मी कायद्याविषयी घाईने लिहिले होते. गोदाकाठ साहेबांनी सांगितल्याप्रमाणे महापालिकेकडे लेखी विचारणा करावी आणि त्यांच्या उत्तराची प्रत मूल्यांकनाला जोडावी. घरमालकांनाही तोंडी न सांगता लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

गोदाकाठ (नांदेड)

दार बाहेरून बंद आणि आतून किल्लीशिवाय उघडणारे असू शकते. आतील बाजूला फिरवायची मूठ आणि बाहेरील बाजूला किल्ली असे कुलूप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मात्र जाळीच्या दारावर ते बसवले तर बाहेरचा माणूस जाळीतून हात घालून मूठ फिरवू शकतो. त्यामुळे जाळीच्या जागी भरीव दार लावावे. त्याने चोरीचा प्रश्नही सुटतो आणि धूरही काही काळ अडतो. जाड लाकडी किंवा पत्र्याचे, चौकटीत घट्ट बसणारे आणि आपोआप मिटणारे दार असावे. खालची फट शक्य तितकी कमी ठेवावी. अग्निरोधक प्रमाणित दार मिळाले तर उत्तम, परंतु ते परवडत नाही म्हणून जाळीच ठेवणे योग्य नाही.

बॅटरीवर चालणारे धुराचे दोन अलार्म घ्यावेत, एक वाजला की दुसराही वाजेल असे जोडलेले. एक जिन्याखाली छताला लावावा आणि दुसरा झोपण्याच्या जागेजवळ. शिलाई मशीनच्या अगदी डोक्यावर लावू नये, कारण सुताची तूस आत जाऊन तो विनाकारण वाजू लागतो आणि मग कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवते. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे आणि ब्रशने तूस झाडावी.

तथापि दार आणि अलार्म बसवले म्हणून पाच जणांच्या झोपण्याला मी संमती देणार नाही. भरीव दारामुळे धूर उशिरा आत येईल, परंतु आतल्या माणसाला जायला वाट मिळणार नाही. दुसरी वाट होत नाही तोपर्यंत त्या हॉलमध्ये कोणीही झोपू नये.

सरकीवाला (परभणी)

गच्चीबाबतचा मुद्दा समजला. परंतु त्या मुलांनी झोपावे कोठे? हंगामात आमच्याकडेही बाहेरची माणसे येतात. त्यांना खोली भाड्याने घेऊन दिली तर पगारातून पैसे कापले जातील या भीतीने ती यंत्रांशेजारीच पथारी टाकतात. मालकाने नाही म्हटले तरी ती रात्री परत येतात.

जालन्याचा वायरमन

खोलीचे भाडे मालकाने वेगळे द्यावे, पगारातून कापू नये, आणि तसे लिहून द्यावे. एरवी ही बंदी कागदावरच राहील.

मीटरसाठी घरमालक तयार होईपर्यंत निदान एवढे करून घ्यावे. मीटर आणि मेन स्विच पत्र्याच्या बंद पेटीत घ्यावेत, मागे लाकडी फळी असेल तर ती काढावी, आणि पेटीपासून तीन-चार फुटांत काहीही ठेवू नये. बॅटऱ्या वर आणू नयेत. दुकानाच्या मागील हवेशीर भागात न्याव्यात, कारण चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो. यांतील कोणत्याही उपायाने जिना सुरक्षित झाला असे समजू नये.

सुईदोरा (लातूर)

आतापर्यंत जे ठरले ते मी नोंदवहीत पुढीलप्रमाणे लिहिले आहे. चूक असल्यास सांगावे.

रात्रीचा मुख्य धोका : जिन्याखालील मीटर, बॅटऱ्या आणि स्कूटरचे चार्जिंग, बाहेर पडण्याची वाट एकच. बाधित होणाऱ्या व्यक्ती : हंगामातील पाच मुक्कामी कारागीर. तात्काळ उपाय : हॉलमधील मुक्काम या आठवड्यापासून बंद, दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली असून तिचे भाडे कारखाना देईल. जिन्यातील आमचा सर्व माल काढला आहे. पंधरा दिवसांत : जाळीच्या जागी भरीव दार, आतून मुठीचे कुलूप, दोन जोडलेले अलार्म, इस्त्र्यांच्या स्वतंत्र लाइन. घरमालकांवर अवलंबून : मीटर, बॅटऱ्या, स्कूटर, पत्र देऊन पोच घेतली आहे. दिवसाचा मुख्य धोका : इस्त्री व कतरण, वाटेवरील माल. उरलेली जोखीम : दिवसाही वाट एकच आहे. मागच्या खिडकीचा प्रश्न खुला.

गोदाकाठ (नांदेड)

नोंद चांगली आहे. एक ओळ बदलावी. "माल काढला आहे" असे लिहिण्याऐवजी जिना रोज कोण पाहणार आणि काही आढळले तर ते कोणाला सांगणार, हे लिहावे. हंगामात गठ्ठे पुन्हा तेथे येतील. पहिली मोठी ऑर्डर आली की आठवड्याच्या आत येतील, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे त्या काळातील मालासाठी दुसरी जागा आताच ठरवावी. तसेच मूल्यांकनाची फेरतपासणी मार्चच्या सुरुवातीला, कारागीर येण्यापूर्वी ठेवावी, आणि मशीन वाढले किंवा मांडणी बदलली तर त्या आधीही करावी.

खिडकीविषयी : तिच्या मोकळ्या तोंडाची रुंदी, उंची आणि हॉलच्या फरशीपासून चौकटीपर्यंतचे अंतर मोजून येथे लिहावे, आणि बोळ किती रुंद आहे तेही. कूलर शेजारच्या भिंतीत नवीन झरोका पाडून बसवता येत असेल तर खिडकी मोकळी होईल. बोळाच्या मालकीमुळे कायमचा लोखंडी जिना शक्य नसल्यास भिंतीला लागून बसणारी उभी शिडी चालेल का, हे मापे पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तेरा महिला आणि गुडघ्याचा त्रास असलेले मास्तर उभ्या शिडीवरून उतरू शकतील का, याबद्दल मला शंका आहे.

सुईदोरा (लातूर)

खिडकी चार फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच आहे, चौकट हॉलच्या फरशीपासून तीन फुटांवर आहे. बोळ पाच फुटांचा आहे. कूलरसाठी झरोका पाडण्यास घरमालक तयार झाले आहेत, मात्र खर्च आम्ही करावा असे त्यांचे म्हणणे आहे. बोळातील दोन्ही शेजाऱ्यांशी रविवारी बोलणार आहे. मास्तर म्हणतात की, शिडी असेल तर ते उतरणार नाहीत.